फवारणीच्या माहितीपत्रकाचा व्हिडिओ: कपाशीवरच्या प्रोफेनोफॉसचं एक उदाहरण घेऊन

कीटकनाशकाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला कागद असतो. त्यात मात्रा, पाणी, विषबाधेची लक्षणं, डॉक्टरांसाठी उतारा, रिकाम्या बाटलीची विल्हेवाट अशी जवळपास सगळी माहिती असते. अक्षर मुंगीएवढं, एकाच कागदावर सात-आठ भाषा, आणि मराठी अशी की कृषी पदवीधरालाही एक वाक्य दोनदा वाचावं लागतं. बांधावर पंप भरणारा माणूस तो वाचत नाही. तो दुकानदाराला विचारतो, "पंपाला किती टाकू?" आणि दुकानदार सांगेल ते धरून चालतो.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना शेकडो शेतकरी आणि मजूर विषबाधेने दवाखान्यात गेले, वीसच्या आसपास माणसं दगावली. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, हवेत उकाडा होता, आणि लोक एकाच पंपात दोन-तीन औषधं मिसळत होते. त्यांच्या घरातही ती माहितीपत्रकं होतीच. म्हणून असा कागद व्हिडिओत आणायचा तर तोच मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्यात काही अर्थ नाही. कागदातली माहिती हातांच्या कामाच्या क्रमाने नव्याने मांडावी लागते. ते कसं करायचं, हे मी एकाच औषधावर दाखवतो: प्रोफेनोफॉस 50 ईसी, पीक कपाशी, कीड बोंडअळी. तुमच्या हातात दुसरं औषध असेल तर आकडे त्याच्या कागदावरचे घ्या, पद्धत हीच ठेवा.

आधी कागद फोडा

पेन घेऊन बसा आणि माहितीपत्रकातल्या प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न लिहा: हे वाक्य शेतकऱ्याला कोणत्या क्षणी लागणार आहे? उत्तरं साधारण सहा जागी पडतात: विकत घेताना, औषध मोजताना, पंप भरताना, फवारताना, घरी आल्यावर आणि त्रास झाला तर. कागदात हा क्रम नसतो. तिथे रसायनाचं नाव आधी येतं, मग पिकांचा तक्ता, मग खबरदारी, मग लक्षणं. त्यात "हातमोजे वापरावेत" हे वाक्य एकदाच येतं, पण शेतात हातमोज्यांची गरज तीन वेगवेगळ्या क्षणी पडते. संहितेत ते वाक्य तिन्ही ठिकाणी यायला हवं, दरवेळी त्या क्षणाच्या कारणासह.

काही वाक्यं कोणत्याच क्षणी लागत नाहीत. त्यांना बेधडक काट मारा. रसायनाची रचना, साठवणुकीची गोदामासाठीची सूचना, उत्पादकाची हमी-नाहमी, हे सगळं कागदावरच राहू द्या. चार मिनिटांच्या व्हिडिओत जागा फार थोडी असते.

एका गोष्टीला मात्र हात लावायचा नाही. पीक, कीड, मात्रा, पाणी आणि काढणीपूर्व प्रतीक्षा हे पाच आकडे केंद्रीय नोंदणी समितीने मंजूर केलेले असतात. कंपनीचा प्रतिनिधी, दुकानदार किंवा गावातला अनुभवी माणूस वेगळा आकडा सांगत असला, तरी संहितेत कागदावरचाच यायला हवा. कागदावर जे पीक नाही, त्याचं नावही घेऊ नका.

मात्रा: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

प्रोफेनोफॉस 50 ईसीच्या तक्त्यात कपाशीवरच्या बोंडअळीसाठी असं लिहिलेलं असतं: सक्रिय घटक हेक्टरी 750 ते 1000 ग्रॅम, औषध 1500 ते 2000 मिली, पाणी 500 ते 1000 लिटर, प्रतीक्षा काळ 15 दिवस. तुडतुडे, मावा, फुलकिडे आणि पांढरी माशी यांच्यासाठी औषध हेक्टरी 1000 मिली, म्हणजे त्यांची मात्रा वेगळी आहे. संहितेत दोन्ही मात्रा आणल्या की बघणाऱ्याच्या डोक्यात त्या मिसळतात. एका व्हिडिओत एकच कीड घ्या. आपण बोंडअळी घेऊ.

सक्रिय घटकाचा आकडा सरळ गाळा. शेतकरी बाटलीतलं औषध मोजतो, त्याच्यातला घटक मोजत नाही. दोन्ही आकडे पडद्यावर आले तर कोणीतरी 750 हा आकडा मिली म्हणून लक्षात ठेवील.

आता हेक्टरचं एकर करा. एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. 1500 ला अडीचने भागलं की एकरी 600 मिली, 2000 ला भागलं की 800. पाणी एकरी किमान 200 लिटर. म्हणजे बोलायचे आकडे तीनच उरले: 600 मिली ही सुरुवातीची मात्रा, 800 ही वरची हद्द, आणि 200 लिटर पाणी. व्हिडिओत उदाहरण 600 चं घ्या. 800 कधी लागेल हे शेत बघून कृषी सहायकाने किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या माणसाने ठरवायचं आहे, असं स्पष्ट म्हणा. "600 ते 800" असा पल्ला नुसता सोडून दिला तर बहुतेक जण 800 च धरतात, आणि त्यावर "थोडं जास्त" म्हणून आणखी एक टोपण टाकतात.

इथवर बहुतेक संहिता बरोबर येतात. पुढच्या पायरीवर चूक होते. लेखक 600 मिलीला 200 लिटरने भागतो, लिटरला 3 मिली काढतो, आणि सांगतो, "15 लिटरच्या पंपाला 45 मिली." हिशेब चुकलेला नाही, पण तो एकरी 200 लिटर पाणी जाईल तेव्हाच खरा ठरतो. छातीएवढ्या दाट कपाशीत तोच माणूस एकरी 20 पंप मारतो. 45 गुणिले 20, म्हणजे 900 मिली. वरची हद्द ओलांडली, खर्च वाढला, आणि विषात भिजणंही वाढलं. मात्रा क्षेत्राची असते. पंपाची मात्रा त्यावरून काढावी लागते. व्हिडिओने दुसरं काहीच शिकवलं नाही आणि एवढं शिकवलं, तरी पुष्कळ झालं.

म्हणून संहितेत औषधाआधी साध्या पाण्याचा एक प्रसंग घाला. आपल्याच कपाशीत 20 मीटर लांब, 20 मीटर रुंद तुकडा दोरीने आखायचा. हा साधारण चार गुंठे, म्हणजे एकराचा दहावा भाग. पंपात नुसतं पाणी भरायचं आणि रोजच्या चालीने, रोजच्या नोझलने तेवढा तुकडा फवारायचा. किती पंप पाणी लागलं ते बघायचं आणि त्याला दहाने गुणायचं. दीड पंप लागला तर एकरी 15 पंप. दोन लागले तर एकरी 20. मग 600 ला त्या संख्येने भागायचं. 15 पंपांना प्रत्येकी 40 मिली, 20 पंपांना प्रत्येकी 30 मिली. पंप 15 लिटरचा असो, 16 चा असो की 20 चा, हिशेब तोच राहतो, कारण आपण लिटर न मोजता पंप मोजतो आहोत. मात्र एकदा मोजलेला आकडा जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत चालत नाही. झाड वाढलं की पाणी वाढतं. प्रत्येक फवारणीआधी हा तुकडा पुन्हा मोजायला सांगा.

पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी यंत्रासाठी वेगळी काळजी घ्या. त्याचा तुषार फार बारीक असतो आणि पाणी कमी लागतं. चार गुंठ्यांत समजा 12 लिटरच गेलं, तर एकरी 120 लिटर झालं. 600 मिली तेवढ्याच पाण्यात बसवलं तर लिटरला 5 मिली पडतं, म्हणजे अंगावर येणारा तुषार दीडपटीहून जास्त तीव्र. कागदावर एकरी 200 लिटरपेक्षा कमी पाण्याची मान्यता नाही. त्यामुळे संहितेने हे गणित करून देऊ नये. "200 लिटरच्या खाली आलात तर नोझल बदला, चाल कमी करा, पण द्रावण कडक करू नका," एवढंच सांगावं.

संहितेचा हा भाग मी असा लिहीन. डाव्या बाजूला दृश्य, उजवीकडे आवाज अशी पद्धत असते. इथे एकाखाली एक देतो.

दृश्य: दोन भाऊ कपाशीत दोरीने चौकोन आखत आहेत. पाठीवर पंप, पंपात पारदर्शक पाणी.
आवाज: "औषधाची बाटली अजून घरीच ठेवा. आधी साधं पाणी. वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद. हे झाले चार गुंठे. नेहमी चालता तसंच चाला."
पडद्यावर: 20 मीटर × 20 मीटर = 4 गुंठे

दृश्य: धाकटा भाऊ पंप उतरवतो. एक पंप रिकामा, दुसरा अर्धा.
आवाज: "किती गेलं रे?" "दीड पंप, दादा." "चार गुंठ्यांला दीड, तर एकराला पंधरा."
पडद्यावर: दीड पंप × 10 = एकरी 15 पंप

दृश्य: वहीचं पान. जाड पेनने भागाकार.
आवाज: "एका एकराला औषध सहाशे मिली. पंप पंधरा. सहाशे भागिले पंधरा. एका पंपाला चाळीस मिली. तुमचे पंप वीस भरले तर तीस मिली. पंप बदलला, झाड वाढलं, की पुन्हा मोजा."
पडद्यावर: 600 ÷ तुमचे पंप = एका पंपाचं औषध. एकरी 800 मिलीच्या वर कधीच नाही.

बोलताना आकडे अक्षरी उच्चारा, पडद्यावर अंकी दाखवा, आणि ते किमान पाच सेकंद राहू द्या. बरेच जण व्हिडिओ आवाज बंद करून बघतात. त्यांना पडद्यावरचाच आकडा मिळणार आहे. एका चौकटीत एकच हिशेब.

मोजण्याचं भांडं जवळून दाखवा

40 मिली हा आकडा हातात कसा येतो, हे न दाखवता पुढे गेलात तर आधीचं सगळं वाया जातं. शेतात औषध टोपणाने मोजतात. टोपणं मात्र कंपनीगणिक आणि बाटलीगणिक वेगळी असतात. कुठलं 10 मिलीचं, कुठलं 25 चं. "दोन टोपणं" हे माप एका बाटलीवरून दुसरीवर गेलं की मात्रा दुप्पट व्हायला वेळ लागत नाही. म्हणून रेषा असलेलं प्लास्टिकचं मोजपात्र घ्या आणि कॅमेरा त्याच्या इतका जवळ न्या की 40 ची रेष पडदाभर दिसेल. भांडं सपाट जागेवर ठेवलेलं, डोळा रेषेच्या पातळीवर. हातात उंच धरून मोजलं की चार-पाच मिलीचा फरक सहज पडतो. ते भांडं फक्त याच कामाचं आहे हे दिसावं म्हणून त्यावर लाल पट्टी चिकटवा.

सगळ्यात धोक्याचा क्षणही हाच. पंपातलं द्रावण पातळ असतं, बाटलीतलं औषध मात्र निम्मं विष. ईसी प्रकारात ते तेलकट द्रावकात विरघळवलेलं असल्यामुळे कातडीतून लवकर आत शिरतं. म्हणून हातमोज्यांचं वाक्य इथे पहिल्यांदा यावं. नायट्राइल रबराचे, मनगटाच्या वरपर्यंत येणारे हातमोजे. दवाखान्यातले पातळ पांढरे मोजे यासाठी चालत नाहीत आणि कापडी मोजे तर औषध शोषून हाताशी धरून ठेवतात. डोळ्यांवर चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, पुढे प्लास्टिकचा एप्रन.

भरायचा क्रम असा: पंपात अर्धं पाणी, मग मोजलेलं औषध. भांडं दोनदा पाण्याने विसळून तेही पंपात, मग उरलेलं पाणी आणि काठीने ढवळणं. पाणी दुधासारखं पांढरं झालं की औषध नीट मिसळलं. त्यावर तेलाचे डोळे तरंगले किंवा दह्यासारखी फाटलेली गाठ दिसली, तर ते द्रावण वापरायचं नाही. औषध जुनं आहे, किंवा दुसऱ्या कशाशी मिसळून बिघडलं आहे. "दुसरं औषध, टॉनिक किंवा विद्राव्य खत यात मिसळू नका," हे वाक्य याच ठिकाणी, पंपाचं तोंड उघडं असताना म्हणा. सुरुवातीला म्हटलेलं इथपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही.

संरक्षण: जे खरंच घातलं जाईल ते आधी

माहितीपत्रकात "संरक्षक पोशाख वापरावा" असं एका ओळीत असतं. सप्टेंबरच्या विदर्भात, दमट उकाड्यात, अंगभर प्लास्टिकचा पोशाख घालून कोणी दोन तास फवारत नाही. व्हिडिओत तसा पांढऱ्या पोशाखातला माणूस दाखवला की बघणारा म्हणतो, "हे आपल्यासाठी नाही," आणि हातमोज्यांपासून मास्कपर्यंत सगळंच सोडून देतो. मी संहिता लिहिताना शरीराचा कोणता भाग किती भिजतो त्यावरून क्रम लावतो.

कपाशीच्या ओळीतून चालताना मांड्या आणि पोटऱ्या सगळ्यात जास्त भिजतात, कारण ओली पानं घासत जातात. म्हणून कमरेला गुंडाळलेला प्लास्टिकचा जाड कागद आणि गमबूट. पँट गमबुटाच्या बाहेर सोडलेली. आत खोचली तर थेंब ओघळून बुटात साठतात. दुसरी जागा पाठ. पंपाचं झाकण किंवा नळीचा जोड गळत असेल तर औषध पाठीवर पाझरतं आणि घामामुळे ते कळतही नाही. म्हणून साध्या पाण्याच्या त्या पहिल्या फेरीतच पंप गळतो का ते बघायला सांगा, आणि पाठीवरही प्लास्टिक घ्यायला सांगा. तिसरी जागा तोंड आणि नाक. पीक छातीच्या वर असेल तर तुषार थेट चेहऱ्यावर येतो. इथे रुमाल बांधलेला माणूस दाखवू नका. ओला रुमाल औषध नाकातोंडाशी धरून ठेवतो. औषधाच्या वाफेसाठी बाजूला गाळणी असलेला मास्क लागतो, तो दुकानात कुठल्या नावाने मिळतो ते चित्रासह दाखवा.

वाऱ्यासाठी यंत्राची गरज नाही. मूठभर कोरडी माती खांद्याच्या उंचीवरून सोडा. ती सरळ खाली पडली किंवा जरा एका बाजूला सरकली तर ठीक, दूर उडाली तर आज फवारणी नको. वारा पाठीवर किंवा एका बाजूने यायला हवा, तोंडावर कधीच नाही. फवारलेल्या ओळीतून परत चालायचं नाही, म्हणून वारा शेताच्या ज्या टोकाकडे वाहत जातो तिथून सुरुवात करून कोरड्या पिकाकडे सरकायचं. हे तोंडी सांगून कळत नाही. वरून काढलेलं एक साधं चित्र वापरा: बाण वाऱ्याचा, पट्टी फवारलेली, माणूस कोरड्या बाजूला. वेळ संध्याकाळची चांगली. ऊन उतरलेलं असतं, माणसाला घाम कमी येतो आणि फुलांवर मधमाश्या नसतात. प्रोफेनोफॉस मधमाश्यांना फार विषारी आहे.

नोझल तुंबलं की ते काढून तोंडाने फुंकण्याची सवय जागोजागी आहे. संहितेत ही चूक करून दाखवू नका. आवाज बंद असलेल्या व्हिडिओत चुकीची कृती हीच शिकवण ठरते. सरळ बरोबर कृती दाखवा: खिशात जुना दात घासायचा ब्रश, नोझल काढलं, पाण्यात धरून घासलं, परत बसवलं. हाच नियम सगळ्या चित्रीकरणाला लावा. कलाकाराच्या हातात मोजे नसलेला एकही तुकडा अंतिम व्हिडिओत राहू नये, मग तो मागे, दूर, अर्ध्या सेकंदाचा का असेना.

चित्रीकरणात खरं औषध नको

बाटली बंद, सीलबंद दाखवा. ओतायच्या प्रसंगात वेगळ्या बाटलीत हळदीचं पाणी आणि पंपात दुधाचं पाणी वापरा. रंग खऱ्या द्रावणासारखाच दिसतो. शीतपेयाची किंवा पाण्याची बाटली, चहाचा कप, स्वयंपाकातली वाटी यातलं काहीही औषधाजवळ दिसता कामा नये. उरलेलं औषध रिकाम्या शीतपेयाच्या बाटलीत ठेवल्यामुळे घरातल्या मुलांचा जीव गेल्याच्या घटना होतात, आणि ती सवय पडद्यावर चुकूनही पोसायची नाही.

घरी आल्यावर, आणि वेचणीच्या बायांसाठी

हा भाग पुरुषांपेक्षा घरातल्या बायांना जास्त लागतो. पाणी त्या आणतात, कपडे त्या धुतात, कापूस त्या वेचतात. म्हणून इथे आवाज बदला, बाईचा घ्या, आणि बोलणं वहिनीशी किंवा आत्याशी असू द्या.

"वहिनी, फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत टाकू नका. वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून, साबणाने दोनदा. पाणी विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब ओता. दादांनी आधी हातमोज्यांसकट हात धुवायचे, मग मोजे काढायचे, मग अंघोळ. त्यानंतरच तंबाखू, त्यानंतरच भाकर."

रिकामी बाटली तीनदा विसळायची आणि ते पाणी त्याच दिवशी पंपात घालून शेतातच संपवायचं. नंतर बाटलीला भोक पाडायचं म्हणजे तिच्यात कोणी तेल किंवा रॉकेल भरणार नाही. तीन वेळा विसळणं पडद्यावर तीनदाच दाखवा. एकदा दाखवून "असंच तीनदा" म्हटलं की लोक एकदाच विसळतात.

मग येतो 15 दिवसांचा आकडा. कागदावर तो "प्रतीक्षा काळ" म्हणून असतो आणि कपाशीत त्याचा अर्थ फवारणी ते वेचणी एवढाच. संहितेत तारखांनी बोला: 20 सप्टेंबरला फवारणी केली तर 5 ऑक्टोबरच्या आधी कापसाला हात लावायचा नाही. घरातलं कॅलेंडर घ्या, 20 तारखेवर लाल गोल, 5 तारखेवर हिरवा. फवारलेल्या शेतात निंदणीला किंवा गुरांच्या चाऱ्यासाठी त्याच दिवशी जायचं नाही. औषध पूर्ण वाळून निदान दुसरा दिवस उजाडू द्यायचा, आणि बांधावर लाल कापड बांधून ठेवायचं.

त्रास झाला तर

प्रोफेनोफॉस हे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं विष. त्याची लक्षणं कागदावर वीस-पंचवीस शब्दांत एकामागोमाग येतात. शेतात ती उन्हाच्या त्रासासारखी वाटतात, म्हणून माणूस झाडाखाली बसून राहतो आणि वेळ जातो. संहितेने ऊन आणि विष यातला फरक दाखवायला हवा. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर दोन्हींत असते. पण तोंडाला लाळ सुटणं, डोळ्यांतून-नाकातून पाणी येणं, अंधुक दिसणं, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होणं, पापण्या किंवा दंडाचे स्नायू आपोआप फडफडणं, पोटात मुरडा, छाती दाटणं, यातलं काही दिसलं तर ते विष समजायचं. उन्हाने तोंड कोरडं पडतं आणि या विषाने लाळ सुटते, एवढं एक वाक्य तरी बघणाऱ्याच्या लक्षात राहील असं म्हणा.

पुढची कृती सरळ क्रमाने: फवारणी थांबवा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, भिजलेले कपडे काढा, अंग साबण-पाण्याने धुवा. डोळ्यांत गेलं असेल तर वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं. 108 ला फोन. माणूस बेशुद्ध होत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा.

गिळलं असेल तर काय, इथे एक अडचण येते. बऱ्याच जुन्या माहितीपत्रकांत घशात बोट घालून उलटी करवा असं छापलेलं असतं. ईसी औषधात पेट्रोलजन्य द्रावक असतो. उलटी होताना तो फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो, शिवाय माणूस कधी बेशुद्ध होईल याचा भरवसा नसतो. म्हणून व्हिडिओत "उलटी करवू नका, तोंडाने दूध, मीठ-पाणी, काहीही देऊ नका, दवाखाना गाठा" असंच म्हणावं. पाच आकड्यांना हात लावायचा नाही असं मी वर म्हटलं, पण हा त्यातला भाग नाही. तरी हा बदल आपल्या मनाने करू नका: संहितेचं हे पान जिल्हा रुग्णालयातल्या किंवा ग्रामीण रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून वाचून घ्या आणि त्यांची लेखी सही ठेवा.

डॉक्टरांसाठीची ओळ शेतकऱ्याला कळण्याची गरज नाही, पण ती दवाखान्यात पोचायला हवी. ऑर्गॅनोफॉस्फेटवर उतारा म्हणून अॅट्रोपिन देतात, सोबत प्रॅलिडॉक्साइम; दुसऱ्या गटाच्या विषावर उपचार वेगळे असतात. कोणतं विष पोटात किंवा अंगावर गेलं हे डॉक्टरला लगेच कळलं तर उपचार लगेच सुरू होतात. म्हणून शेवटचं दृश्य असं ठेवा: गाडीत बसताना थोरला भाऊ बाटली आणि माहितीपत्रक प्लास्टिकच्या पिशवीत घालतो. "पंपात दोन औषधं असतील तर दोन्ही बाटल्या न्या. लाज वाटून एक लपवू नका."

तपासणी: समजलं का, असं विचारू नका

"समजलं का?" या प्रश्नाला सगळे "हो" म्हणतात. कच्चा व्हिडिओ दोन-चार शेतकऱ्यांना त्यांच्याच फोनवर, एकदाच दाखवा. नंतर त्यांच्या हातात साधा पंप, पाण्याची बाटली आणि मोजपात्र द्या आणि म्हणा, "आता तुमच्या एकराचं औषध मोजून दाखवा." जिथे हात थांबतो, तिथे संहिता चुकली आहे. बहुतेक वेळा तो दहाने गुणण्यावर किंवा 600 च्या भागाकारावर थांबतो. तसं झालं तर 15, 18 आणि 20 पंपांसाठीची तयार उत्तरं, म्हणजे 40, 33 आणि 30 मिली, पडद्यावर दहा सेकंद ठेवा आणि त्याचा फोटो काढून घ्या असं सांगा. 20 पंप भरणारा माणूस 40 मिली मोजू लागला, तर आवाजाने 40 हा आकडा फार ठासून सांगितला आहे. उदाहरणांत दोन्ही आकडे सारख्याच वेळा येऊ द्या.

"सुरक्षित औषध" हे दोन शब्द संहितेत कुठे राहिले असतील तर काढा. डब्यावरचा पिवळा त्रिकोण "जास्त विषारी" असं सांगतो. लाल त्याहून अधिक, निळा आणि हिरवा उतरत्या क्रमाने. सुरुवातीलाच तो त्रिकोण पडदाभर दाखवा.

व्हिडिओखालच्या मजकुरात औषधाचं पूर्ण नाव आणि टक्केवारी, पीक, कीड, माहितीपत्रकाची तारीख आणि किसान कॉल सेंटरचा क्रमांक 1800-180-1551 द्या. मात्रा किंवा नोंदणी बदलली की जुना व्हिडिओ दुरुस्त करत बसू नका. तो काढून टाका आणि नवीन चढवा, कारण फोनवरून फोनवर फिरलेला तुकडा मागे घेता येत नाही. निदान त्याच्या पहिल्या चौकटीवर छापलेला महिना आणि वर्ष तरी तो जुना असल्याचं सांगेल.